बफर पट्ट्यात पीएच हळू का वाढतो: टायट्रेशन कर्व्ह वर्गात कसा समजावावा

प्रश्न: "पुढच्या आठवड्यात बी.एस्सी. प्रथम वर्षाला टायट्रेशन कर्व्ह आणि बफरच्या स्लाइड्स शिकवायच्या आहेत. मुले विचारतात, आपण आम्लारी सतत घालतोय तर मधल्या भागात पीएच इतका हळू का वाढतो? मी 'तो बफर भाग आहे म्हणून' असे सांगते, पण ते उत्तर मलाच पटत नाही. नीट कसे समजावावे?"

तुम्हाला ते उत्तर पटत नाही, यात तुमचे काही चुकत नाही. 'बफर भाग' हे आलेखावरच्या त्या सपाट पट्ट्याचे नाव आहे, कारण नव्हे. बफर म्हणजे काय, तर ज्यात पीएच हळू बदलतो ते द्रावण. आणि पीएच हळू का बदलतो, तर तो बफर आहे म्हणून. असे म्हटले की आपण जागच्या जागी गोल फिरतो, आणि चाणाक्ष मुलांच्या ते लगेच लक्षात येते. खरे कारण आकड्यांत आहे आणि ते आकडे अजिबात अवघड नाहीत. मी बरीच वर्षे हा भाग प्रयोगशाळेत आणि वर्गात शिकवला आहे. माझा अनुभव असा की आलेख दाखवून मग कारण सांगण्यापेक्षा, एका फ्लास्कमधले रेणू मोजून मग आलेखाकडे गेले तर मुलांना तो स्वतःच वाचता येतो.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. तुमच्या स्लाइडवर नेमके कोणते आम्ल आहे, त्यावर आलेखाचा आकार अवलंबून असतो. हायड्रोक्लोरिक आम्लाचा आलेख वेगळा, फॉस्फोरिक आम्लाला एकापेक्षा अधिक पायऱ्या, आणि अमोनियाचे अनुमापन आम्लाने केले तर आलेख वरून खाली येतो. बहुतेक स्लाइड्सवर सौम्य आम्ल आणि तीव्र आम्लारी यांचा आलेख असतो, म्हणून मी तोच धरतो: कोनिकल फ्लास्कमध्ये ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल २५ मिली, आणि ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड. २५ अंश सेल्सिअसला ॲसेटिक आम्लाचा पीकेए ४.७६ आहे. दोन्ही द्रावणे सारख्याच तीव्रतेची असल्याने समतुल्य बिंदू बरोबर २५ मिलीवर येतो. गणिताने येणारे आकडे असे आहेत:

| घातलेले हायड्रॉक्साइड (मिली) | पीएच |
|---|---|
| ० | २.८८ |
| २.५ | ३.८ |
| १२.५ | ४.७६ |
| २२.५ | ५.७ |
| २४.९ | ७.२ |
| २५.० | ८.७ |
| २५.१ | १०.३ |

मुलांना हा तक्ता दिला की पहिली पाच मिनिटे काहीच न सांगता फक्त बघायला सांगावे. २.५ पासून २२.५ पर्यंत वीस मिली द्रावण ओतले तरी पीएच जेमतेम दोनने वाढला, आणि २४.९ ते २५.१ या दोन दशांश मिलीत तो तीनने वाढला. घालणारा हात तोच आणि द्रावणही तेच. याचा अर्थ फरक फ्लास्कमध्ये आहे, ब्युरेटमध्ये नाही.

आता फ्लास्कमध्ये काय आहे ते मोजू. १२.५ मिली घातल्यानंतरचा क्षण घ्या. सुरुवातीला २.५ मिलिमोल ॲसेटिक आम्ल होते. त्यातल्या निम्म्याचे, म्हणजे १.२५ मिलिमोलचे, ॲसेटेट झाले आणि १.२५ मिलिमोल आम्ल तसेच उरले. पीएच मात्र या दोहोंपैकी कशाचीच सरळ मोजणी करत नाही. तो मोजतो फक्त द्रावणात सुटे असलेले हायड्रोजन आयन. पीएच ४.७६ असताना त्या ३७.५ मिली द्रावणात सुटे हायड्रोजन आयन किती असतात, हे मुलांकडून फळ्यावर काढून घ्या: सुमारे ०.०००६५ मिलिमोल. आम्लाचे जे रेणू अजून अखंड आहेत, ते या सुट्या आयनांच्या जवळपास दोन हजार पट आहेत.

यानंतर ब्युरेटमधून एकच थेंब पाडा. थेंब सुमारे ०.०५ मिलीचा असतो, म्हणजे त्यात ०.००५ मिलिमोल हायड्रॉक्साइड आले. सुट्या हायड्रोजन आयनांच्या हे सात-आठ पट आहे. फ्लास्कमध्ये फक्त सुटे आयनच असते, तर त्या एका थेंबाने ते सगळे संपून द्रावण आम्लारिधर्मी झाले असते आणि पीएच १० च्या आसपास गेला असता. प्रत्यक्षात तो ४.७६ वरून ४.७६३ वर जातो, म्हणजे साध्या मीटरला फरक दिसतही नाही. कारण हायड्रॉक्साइडला प्रत्यक्षात गाठ पडते ती अखंड आम्लाच्या साठ्याशी:

```
CH3COOH + OH⁻ → CH3COO⁻ + H2O
```

ही अभिक्रिया जवळजवळ पूर्ण उजवीकडे जाते, त्यामुळे घातलेला हायड्रॉक्साइड सुटा राहतच नाही. तो नाहीसा होतो आणि त्याच्या जागी तितकेच ॲसेटेट येते. तीव्र आम्लारी घातली, पण फ्लास्कमध्ये वाढली ती सौम्य आम्लारी. येथे मी मुलांना एक वाक्य वहीत लिहायला लावतो: बफर पट्ट्यात आपण हायड्रॉक्साइडची संख्या वाढवत नाही, आम्लाचे ॲसेटेटमध्ये रूपांतर करतो.

बहुतेक पुस्तकी स्पष्टीकरणे येथेच थांबतात: आम्लाचा साठा आहे, तो हायड्रॉक्साइड संपवतो, म्हणून पीएच हळू वाढतो. हे खरे आहे, पण अपुरे आहे, आणि तुम्हाला जे खटकते आहे ते बहुधा हेच असावे. वर्गातली हुशार मुलगी येथे विचारते की साठा हेच कारण असेल, तर साठा सर्वांत मोठा असतो तो सुरुवातीला, एकही थेंब पडण्याआधी. मग तेथे पीएच सर्वांत हळू वाढायला हवा. आलेखात तर उलटे दिसते. पहिल्या एका मिलीत पीएच २.८८ वरून सुमारे ३.४ वर जातो, आणि अगदी मधोमध मात्र एक मिलीला केवळ ०.०७ ने वाढतो. साठा निम्मा झाल्यावर प्रतिकार वाढला कसा?

तिची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर साठ्यात नाही, प्रमाणात आहे. सौम्य आम्लाच्या द्रावणात अखंड आम्ल, ॲसेटेट आणि सुटे हायड्रोजन आयन या तिघांत समतोल असतो. तिघांपैकी पहिल्या दोघांचे एकमेकांशी प्रमाण ठरले की तिसऱ्याची तीव्रता आपोआप ठरते, कारण समतोलाचा स्थिरांक बदलत नाही. हेच नाते लॉग घेऊन मांडले की स्लाइडवरचे हेंडरसन-हॅसेलबाल्च समीकरण मिळते:

```
pH = pKa + log([A⁻]/[HA])
```

या समीकरणात आम्ल किती आणि ॲसेटेट किती हे वेगवेगळे येत नाही, त्यांचा भागाकार येतो, आणि त्याचाही लॉग. म्हणून विचारायचा प्रश्न असा आहे: एक मिली हायड्रॉक्साइड घातल्याने हा भागाकार किती पटींनी बदलतो?

येथे मी मिलिमोल सोडून शंभर रेणूंवर येतो. समजा आम्लाचे एकूण शंभर रेणू होते. २५ मिलीत शंभर रेणू संपतात, म्हणजे दर मिलीला चार रेणूंचे ॲसेटेट होते. हे चार सुरुवातीपासून समतुल्य बिंदूपर्यंत सारखेच राहतात. आता तीन ठिकाणी पाहू. मधोमध ५० ॲसेटेट आणि ५० आम्ल आहेत. एक मिली घातल्यावर ५४ आणि ४६ होतात. प्रमाण १ वरून १.१७ झाले आणि त्याचा लॉग ०.०७. दुसरे ठिकाण शेवटाजवळचे: २३ मिलीवर ९२ ॲसेटेट आणि ८ आम्ल. पुढच्या मिलीनंतर ९६ आणि ४. रेणू चारच बदलले, पण ८ चे ४ झाले म्हणून प्रमाण ११.५ वरून २४ वर, म्हणजे दुपटीच्याही थोडे पुढे गेले आणि पीएच ०.३२ ने वाढला. तिसरे ठिकाण सुरुवातीजवळचे: १ मिलीवर ४ ॲसेटेट आणि ९६ आम्ल, २ मिलीवर ८ आणि ९२. येथे ॲसेटेट दुप्पट झाले, म्हणून प्रमाणही दुपटीने वाढले. दोन्ही टोकांना कारण एकच आहे: जोडीतला एक भागीदार इतका थोडा उरला आहे, किंवा अजून इतका थोडा तयार झाला आहे, की चार रेणूंची देवघेव त्याच्या दृष्टीने फार मोठी ठरते. मधोमध दोघेही भरपूर आहेत, म्हणून तीच देवघेव किरकोळ ठरते.

माझ्या मते संपूर्ण स्लाइडमध्ये मुलांनी घरी न्यावी अशी गोष्ट हीच आहे. बफरला फक्त आम्लाचा साठा पुरत नाही. आम्ल आणि त्याची संयुग्मी आम्लारी दोन्ही भरपूर असावी लागतात. हे समजले की स्लाइडवरच्या दोन ओळी, ज्या मुले वेगवेगळ्या पाठ करतात, त्या एकच होऊन जातात. अर्ध्या समतुल्य बिंदूवर पीएच पीकेएइतका असतो, कारण तेथे प्रमाण १ आहे आणि १ चा लॉग शून्य. आणि वक्राचा उतार तेथेच सर्वांत कमी असतो, कारण चार रेणूंच्या देवघेवीने प्रमाण सर्वांत कमी बदलते ते तेथेच. ज्यांना कलनशास्त्र येते त्यांच्यासाठी एक ओळ पुरे: उदासीन झालेला अंश x मानला, तर उतार x(१−x) च्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि x(१−x) ची किंमत x = ०.५ ला सर्वांत मोठी असते. डोनाल्ड व्हॅन स्लाइक यांनी १९२२ मध्ये याच उताराच्या व्यस्ताला बफरच्या ताकदीचे माप म्हणून मांडले. आज आपण तिला बफर क्षमता म्हणतो.

लॉगचा वाटा किती, हेही एकदा दाखवून द्यावे. ॲसेटेट आणि आम्ल यांचे प्रमाण एकास दहापासून दहास एकपर्यंत जायला शंभर रेणूंपैकी सुमारे ८२ बदलावे लागतात, म्हणजे ब्युरेटमधून साधारण साडेवीस मिली उतरावे लागते. प्रमाण या काळात शंभर पटींनी वाढते, आणि शंभराचा लॉग दोन. म्हणून एवढ्या मोठ्या पल्ल्यात पीएच दोनच एककांनी वाढतो. पीकेएच्या एक खाली ते एक वर, असा बफरचा उपयुक्त पल्ला पुस्तकात दिलेला असतो, त्याचे मूळ येथे आहे. पण ती काही लक्ष्मणरेषा नव्हे. त्या टोकांवर बफर क्षमता मधल्याच्या साधारण एकतृतीयांश उरते आणि पुढे झपाट्याने घसरते, एवढाच त्याचा अर्थ. 'या पल्ल्याबाहेर बफर नसतो' असे मुलांना सांगू नये.

आता आलेखाच्या पहिल्या चढाकडे येऊ, कारण अनेक स्लाइड्सवर तो दाखवलेला असतो, पण त्याबद्दल एक शब्दही नसतो. शुद्ध ॲसेटिक आम्लात शंभरातला सुमारे सव्वा रेणूच विचरण पावलेला असतो, म्हणून ॲसेटेट अगदीच थोडे असते: २५ मिलीत सुमारे ०.०३३ मिलिमोल. पहिल्या एका मिलीने ०.१ मिलिमोल ॲसेटेट तयार होते. आधीचे बरेचसे ॲसेटेट त्याच वेळी पुन्हा आम्लात परतते, तरी एकूण ॲसेटेट तिपटीहून जास्त होते आणि पीएच अर्ध्या एककाने वर जातो. थोडक्यात, या टप्प्यावर आपण बफर तयार करत असतो, तो अजून तयार झालेला नसतो. मुलांनी हा चढ पाहून 'म्हणजे सुरुवातीला बफर मोडला' असे म्हटलेले मी ऐकले आहे, म्हणून हे वाक्य मुद्दाम बोलावे. येथेच हेही सांगावे की हेंडरसन-हॅसेलबाल्च समीकरण वक्राच्या दोन्ही टोकांना लागू पडत नाही. शून्य मिलीला ते शून्याचा लॉग मागते आणि २५ मिलीला शून्याने भागाकार. सुरुवातीचा पीएच आम्लाच्या विचरणावरून काढायचा आणि समतुल्य बिंदूचा ॲसेटेटच्या जलअपघटनावरून. तो ८.७ येतो, ७ नव्हे; कारण तेथे फ्लास्कमध्ये उरते ते सोडिअम ॲसेटेट, आणि ॲसेटेट ही सौम्य आम्लारी आहे.

याच वर्गात बहुधा शेजारच्या स्लाइडवर हायड्रोक्लोरिक आम्लाचा आलेख असेल, आणि त्यात एक सापळा आहे. तो आलेखही सुरुवातीला सपाटच असतो. शून्य मिलीला पीएच १, साडेबारा मिलीला १.४८ आणि साडेबावीस मिलीला २.२८. हा भाग पाहून मुले त्यालाही बफर पट्टा म्हणतात आणि परीक्षेत तसे लिहून येतात. तेथे पीएच हळू वाढतो हे खरे, पण कारण निराळे आहे. तेथे सगळे २.५ मिलिमोल हायड्रोजन आयन सुटेच आहेत. एका मिलीने त्यातले चार टक्के जातात, आणि चार टक्क्यांचा लॉगवर परिणाम नगण्य असतो. साठा आहे, पण तो उघड्यावर आहे. त्याच्याशी समतोल राखणारी जोडी नाही.

हा फरक बोलून पटत नाही, करून पटतो. दोन्ही फ्लास्क साडेबारा मिलीला थांबवा आणि दोघांतही उर्ध्वपातित पाणी घालून द्रावण दहापट पातळ करा. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या फ्लास्कमध्ये पीएच १.४८ वरून २.४८ होतो, कारण सुट्या आयनांची तीव्रता दहापट घटली. ॲसेटिक आम्लाच्या फ्लास्कमध्ये तो जवळजवळ तेथेच राहतो, कारण आम्ल आणि ॲसेटेट दोघेही सारखेच पातळ झाले आणि प्रमाण बदलले नाही. मात्र त्याच वेळी हेही दाखवा की तो पातळ झालेला बफर आता दुबळा आहे. पातळ केलेल्या आणि मूळ बफरचे सारखेच घनफळ घेऊन दोघांत हायड्रॉक्साइडचे सारखे थेंब घातले, तर पातळ बफरचा पीएच साधारण दहापट सरकेल. पीएच कोठे राहील हे प्रमाण ठरवते आणि तो तेथे किती घट्ट राहील हे एकूण साठा ठरवतो. साठ्याचे जे स्पष्टीकरण वर अपुरे वाटले, त्याची खरी जागा येथे आहे.

प्रयोगशाळेत पीएच मीटर एकच असेल, किंवा नसेलच, तर दोन दर्शकांचा एक प्रयोग माझ्या मते कोणत्याही स्लाइडपेक्षा जास्त शिकवतो. दोन फ्लास्कमध्ये वरच्याच मापाने ॲसेटिक आम्ल घ्या. एकात मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाका, दुसऱ्यात फिनॉल्फ्थॅलिनचे. मिथिल ऑरेंजचा रंग पीएच ३.१ ते ४.४ या पल्ल्यात तांबड्यापासून पिवळ्यापर्यंत बदलतो, आणि हा पल्ला बराचसा बफर पट्ट्यात पडतो. गणित केले तर हा बदल एक तृतीयांश मिलीच्या सुमारास सुरू होतो आणि साडेसात मिली उलटल्यावर संपतो. म्हणजे मुले सात मिली द्रावण ओतत राहतात आणि रंग तांबडा, नारिंगी, पिवळसर असा रेंगाळत सरकतो. नेमका कोणत्या थेंबाला बदलला हे कोणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या फ्लास्कमध्ये फिनॉल्फ्थॅलिनचा पल्ला ८.३ ते १० हा समतुल्य बिंदूच्या उभ्या चढात पडतो, आणि तो सगळा ०.०६ मिलीत, म्हणजे जेमतेम एका थेंबात ओलांडला जातो. बफर पट्टा सपाट आहे म्हणजे काय आणि चढ उभा आहे म्हणजे काय, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. या अनुमापनाला मिथिल ऑरेंज का चालत नाही, हा परीक्षेचा प्रश्नही त्यातच सुटतो. फिकट गुलाबी रंग थोड्या वेळाने उडाला तर घाबरू नये. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळतो आणि तेथे बफर नसल्याने एवढ्याशा आम्लानेही पीएच खाली येतो. अर्धा मिनिट टिकणारा रंग हा अंतिम बिंदू धरावा.

मीटर वापरून वक्र काढणार असाल, तर दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकेक मिलीने वाचन घेणे. बफर पट्ट्यात दोन-दोन मिलीने घेतले तरी काही बिघडत नाही, पण २४ मिलीनंतर ०.१ मिलीवर आले नाही तर सगळा उभा चढ दोन ठिपक्यांच्या मध्ये हरवतो आणि मुले त्यावरून सरळ रेघ ओढून मोकळी होतात. दुसरी चूक वाचनाच्या वेळेची. बफर पट्ट्यात मीटर लगेच स्थिर होतो, समतुल्य बिंदूजवळ तो बराच वेळ सरकत राहतो. हा मीटरचा दोष नसतो. तेथे द्रावणात पीएच धरून ठेवणारे काही नसते, म्हणून ढवळण्यातला किंवा हवेतला बारीकसा फरकही वाचनात उमटतो. प्रत्येक वाचनाआधी नीट ढवळून आकडा थांबेपर्यंत वाट पाहावी.

अर्ध्या समतुल्य बिंदूवर तुमच्या मीटरने ४.७६ न दाखवता ४.६५ ते ४.७ दाखवले तर मुलांना 'प्रयोग चुकला' असे सांगू नका. तक्त्यातला पीकेए अतिशय पातळ द्रावणासाठीचा असतो. येथे सोडिअम आणि ॲसेटेटचे आयन इतके आहेत की त्यांच्या परस्पर आकर्षणाने ॲसेटेटची परिणामकारक तीव्रता थोडी घटते आणि पीएच दशांशभर खाली येतो. वाचन अर्ध्या एककाने चुकले तर मात्र आधी मीटरचे अंशांकन पाहावे, मग ब्युरेटमधल्या हायड्रॉक्साइडची तीव्रता.

एका वर्षी एक विद्यार्थी आठव्या मिलीला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मीटर अडकला आहे, मी ओततोय आणि आकडा हलत नाही." त्याने तोवर इलेक्ट्रोड दोनदा धुऊन पुसलाही होता. मी त्याला इलेक्ट्रोड आधी ४ च्या आणि मग ९.२ च्या अंशांकन द्रावणात बुडवायला सांगितले. दोन्ही आकडे बरोबर आले. मग त्यालाच विचारले की या बाटल्यांत साधे पातळ आम्ल आणि साधी पातळ आम्लारी न ठेवता थॅलेट आणि बोरॅक्स का ठेवतात. तो थोडा थांबला आणि म्हणाला, इलेक्ट्रोडवर राहिलेला पाण्याचा किंवा आधीच्या द्रावणाचा थेंब त्यात गेला तरी आकडा हलू नये म्हणून. मग त्याच्या फ्लास्कमध्येही तेच चालले आहे का, हे मी त्याला विचारले नाही. तो स्वतःच आठव्या मिलीला किती आम्ल आणि किती ॲसेटेट आहे ते वहीत मांडू लागला: ६८ आणि ३२. तुमच्या वर्गातही मध्येच कोणी मीटर अडकल्याचे सांगेल. त्या वेळी स्लाइड पुढे सरकवू नका. फळ्यावर शंभर रेणू मांडा आणि त्या मिलीला त्यांची वाटणी काय आहे ते त्यालाच काढू द्या.